दीडचे तीस की दीडचे पंधरा?

अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे डायझेपाम किती? ब्रिटनमधले डॉक्टर ज्या औषधकोशावर विसंबतात त्यात उत्तर आहे १० मिलिग्रॅम. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच तक्त्यांत मात्र ५ मिलिग्रॅम. औषध तेच, माणसाचं शरीरही तेच आणि उत्तरांत दुपटीचा फरक. तरीही हे तक्ते दोन्हीकडचे अनुभवी डॉक्टर रोज वापरतात आणि त्यांच्या आधाराने माणसं वर्षानुवर्षांच्या गोळ्यांमधून सुटतात. असं कसं, ते समजून घ्यायचं तर ही अदलाबदल मुळात करतात कशासाठी, तिथून सुरुवात करावी लागेल.

बेंझोडायझेपिन हे एका औषधकुटुंबाचं नाव आहे. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड आणि डायझेपाम ही त्यातली आपल्याकडची ओळखीची मंडळी. बोलीभाषेत या सगळ्यांना मिळून ‘झोपेची गोळी’ किंवा ‘टेन्शनची गोळी’ म्हणतात. मेंदूला शांत करणारं ‘गाबा’ नावाचं एक रसायन असतं, त्याचा परिणाम ही औषधं वाढवतात. काही आठवडे रोज घेतली की मेंदू या मदतीला सरावतो आणि स्वतःचा तोल त्या हिशेबाने बदलून घेतो. मग गोळी एकदम बंद केली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप पार उडते, साधा भांड्याचा आवाजही सहन होत नाही. काहींना फिट येते. म्हणून ही गोळी एकदम तोडायची नाही, हळूहळू उतरवायची, याबद्दल कुठल्याच देशातल्या डॉक्टरांत दुमत नाही.

उतरवायची कशी, इथे अल्प्राझोलाम अडचण करतं. त्याची बाजारात मिळणारी नेहमीची सर्वांत छोटी गोळी ०.२५ मिलिग्रॅमची. ब्रिटिश तक्त्याप्रमाणे ती ५ मिलिग्रॅम डायझेपामच्या बरोबरीची होते. शेवटच्या टप्प्यात डोस अर्धा मिलिग्रॅम डायझेपामइतका कमी करायचा झाला, तर त्या चिमुकल्या गोळीचे दहा तुकडे करावे लागतील. डायझेपामची गोळी २ मिलिग्रॅमचीही बनते, तिची पाव केली की काम झालं.

दुसरी अडचण वेळेची. कुठल्याही औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला जो वेळ लागतो त्याला त्याचं अर्धायुष्य म्हणतात. अल्प्राझोलामचं ते साधारण अकरा तासांच्या आसपास आहे. रात्री दहाला घेतलेली गोळी पहाटेपर्यंत ओसरू लागते आणि माणूस चारला टक्क जागा होतो, छातीत धडधड घेऊन. त्याला वाटतं आपला आजार वाढला. पुष्कळदा तो आजार नसतो, दोन गोळ्यांच्या मधली ओहोटी असते. डायझेपामचं तसं नाही. ते स्वतः दीड-दोन दिवस टिकतं आणि यकृतात त्याचं जे रूपांतर होतं, ते डेसमिथाइल-डायझेपाम नावाचं द्रव्यही तितकंच गुंगी आणणारं असून त्याहून जास्त काळ रेंगाळतं. त्यामुळे रक्तातली पातळी दिवसभर जवळजवळ सपाट राहते आणि डोस कमी केला तरी ती धपकन न पडता दिवसा-दिवसाने उतरते.

या पद्धतीचा पाया रोजच्या दवाखान्यात कोणी घातला असेल, तर तो इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनी. १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं त्यांनी केवळ बेंझोडायझेपिन सोडवण्यासाठी एक दवाखाना चालवला. एकेका रुग्णाचं बोलणं ऐकत, एकेक पायरी जुळवत त्यांनी जे टिपलं, त्यातून पुढे ‘ॲश्टन मॅन्युअल’ तयार झालं. त्यातला समतुल्य मात्रांचा तक्ता आज जगभर फिरतो. १० मिलिग्रॅम डायझेपामच्या बरोबरीला त्यात अल्प्राझोलाम अर्धा मिलिग्रॅम, क्लोनाझेपाम अर्धा, लोराझेपाम एक, नायट्राझेपाम दहा आणि क्लोरडायझेपॉक्साइड पंचवीस मिलिग्रॅम धरलं आहे. इतर काही लेखकांच्या आकड्यांशी हे जुळत नाही, आकडे अनुभवातून आलेले आहेत आणि माणसागणिक बदलू शकतात, ही कबुली ॲश्टनबाईंनी तिथेच देऊन ठेवली आहे. तक्ता पुढे पाठवणारे नेमकी तीच ओळ गाळतात.

हे आकडे एकमेकांपासून इतके लांब का, याला कारण आहे. मिलिग्रॅम हे वजन आहे, जोर नव्हे. चमचाभर धनेपूड आणि चमचाभर लवंगी मिरचीचं तिखट यांना एकाच मापाने मोजून चालत नाही. जोर मोजायचा तर आधी कशाचा, ते ठरवावं लागतं. एखादं औषध झोप जास्त आणतं, एखादं भीती जास्त दाबतं, एखादं फिट आवरण्यात वरचढ असतं. झोपेवरून तुलना केली तर एक आकडा येतो, घबराटीवरून केली तर दुसरा. त्यातून हे तक्ते रक्त तपासून बनलेले नाहीत, बहुतांशी डॉक्टरांच्या निरीक्षणातून उतरले आहेत. अमेरिकी तक्त्यांत एक मिलिग्रॅम अल्प्राझोलाम म्हणजे १० मिलिग्रॅम डायझेपाम धरण्याचा प्रघात पडला, तो जरा कमीकडे झुकणारा. ब्रिटिश आकडा जास्तीकडे झुकतो. एक खरा आणि दुसरा खोटा असं काही नाही. शहाणा डॉक्टर दोन्ही कडा लक्षात ठेवतो आणि रुग्ण त्यांच्या मध्ये नेमका कुठे बसतो ते पाहतो.

हे पाहणं प्रत्यक्षात कसं चालतं, ते एका नमुन्याच्या केसवरून पाहू. अशा केसेस मनोविकारतज्ज्ञांच्या ओळखीच्या असतात. अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई, नोकरीतून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यानंतर कुणीतरी सुरू करून दिलेलं अल्प्राझोलाम सहा वर्षं चालूच राहिलं. सकाळी, दुपारी आणि रात्री अर्धा-अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला दीड. यकृत ठीक, दारू नाही, श्वासाचा त्रास नाही.

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो चिठ्ठीबद्दल नव्हे, प्रत्यक्षाबद्दल. “काकू, लिहून दिलंय ते राहू द्या. काल दिवसभरात नेमक्या किती गोळ्या घेतल्यात?” हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. चिठ्ठीवर तीन असताना माणूस दोनच घेत असेल आणि बदल तीनच्या हिशेबाने केला, तर तो दिवसभर झापडत राहील. तीनच्या जागी पाच घेत असेल आणि लाजेने सांगत नसेल, तर नवं औषध कमी पडून फिटचा धोका उभा राहील. शिवाय लपलेल्या गोळ्या असतातच. आपल्याकडे क्लोनाझेपाम नैराश्याच्या औषधासोबत एकाच गोळीत मिळतं. पोटाच्या मुरड्यावरच्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड असतं. पेशंट सांगतो, “ती पोटाची गोळी हो, तिचं काय एवढं?” पण हिशेबात तीही धरावी लागते. म्हणून जाणते डॉक्टर घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर मांडायला सांगतात.

काकूंच्या बाबतीत तीनच गोळ्या निघाल्या आणि लपलेलं काही नाही. आता गणित. ब्रिटिश आकड्याने दीड मिलिग्रॅमचे ३० मिलिग्रॅम डायझेपाम होतात, अमेरिकी आकड्याने १५. तीस ऐकून काकू हबकतात. “दीडचे एकदम तीस? मला सोडायचंय की वाढवायचंय?” ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते आणि ती चुकीची आहे. उलट बाजूची चूक मात्र खरोखर घातक. दीड मिलिग्रॅमच्या जागी कुणी दीड-दोन मिलिग्रॅम डायझेपाम दिलं, तर ते गोळी एकदम बंद केल्यासारखंच झालं.

डॉक्टर तीसही देत नाहीत आणि पंधराही. ते सगळं औषध एका दिवसात बदलतच नाहीत. पहिल्या आठवड्यात हात फक्त रात्रीच्या गोळीला लागतो: अर्ध्याच्या जागी पाव मिलिग्रॅम अल्प्राझोलाम आणि सोबत ५ मिलिग्रॅम डायझेपाम. सुरुवात रात्रीपासून, कारण गुंगी जास्त झालीच तर ती झोपेत जिरते. दुसऱ्या आठवड्यात रात्रीचं उरलेलं पाव जाऊन डायझेपाम १० होतं. तिसऱ्या आठवड्यात सकाळच्या अर्ध्यातलं पाव काढून तिथे ५ मिलिग्रॅम येतं. आता काकू दिवसाला १५ मिलिग्रॅम डायझेपाम आणि पाऊण मिलिग्रॅम अल्प्राझोलाम घेत आहेत.

पहिल्या आठवड्यात त्यांनी फोन केला होता, की नवी गोळी लागूच पडत नाही, पहाटे अजून जाग येते. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही. या सगळ्या प्रकारात घाईने सर्वांत जास्त चुका होतात त्या याच ठिकाणी. डायझेपाम गिळल्यावर चढतं लवकर, पण रक्तातली त्याची खरी पातळी रोजच्या डोसांनी साठत साठत वर जाते. ती स्थिरावायला आठवडा-दीड आठवडा लागतो आणि डेसमिथाइल-डायझेपामची पातळी स्थिरावायला त्याहून जास्त. म्हणजे चौथ्या दिवशी जो डोस अपुरा वाटतो, तोच पंधराव्या दिवशी भरपूर होतो. चौथ्या दिवशी घाबरून डोस वाढवला, तर पंधराव्या दिवशी माणूस बाथरूममध्ये पडतो.

झालंही तसंच, फक्त पडण्याइतकं नाही. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस काकू दुपारी टीव्हीसमोर पेंगू लागल्या. जिना उतरताना कठडा धरावा लागला, भाजीवालीला दोनदा पैसे दिले. डोस कमी पडल्याची लक्षणं आणि जास्त झाल्याची लक्षणं वेगळी ओळखता येतात, आणि डॉक्टरांनी सुरुवातीपासून एक वही ठेवायला सांगितली होती ती यासाठीच. थरथर, घाम, आवाज सहन न होणं, आतून तडफड, आणि हे सगळं पुढच्या गोळीच्या वेळेआधी वाढणं, ही डोस कमी पडल्याची खूण. जीभ जड होणं, तोल जाणं, विसरणं, बसल्या जागी डुलकी लागणं, ही जास्तीची. काकूंच्या वहीत दुसऱ्या प्रकारच्या नोंदी होत्या.

डॉक्टरांनी चौथा आठवडा काही न बदलता तसाच जाऊ दिला. पाचव्या आठवड्यात दुपारच्या अर्ध्या गोळीची पाव केली आणि तिच्या बदल्यात डायझेपाम दिलं नाही. सहाव्यात दुपारची गोळी पूर्ण बंद, बदल्यात पुन्हा काही नाही. रात्री आणि सकाळी घेतलेलं डायझेपाम दुपारीही अंगात असतंच, मग तिसरा डोस कशाला? सातव्या आठवड्यात सकाळचं उरलेलं पाव मिलिग्रॅम काढलं आणि रात्रीच्या डायझेपाममध्ये ५ मिलिग्रॅमची भर घातली. अल्प्राझोलाम संपलं. काकू स्थिरावल्या त्या २० मिलिग्रॅमवर, सकाळी पाच आणि रात्री पंधरा. पंधरा आणि तीस या दोन्ही तक्त्यांच्या मधोमध. त्यांच्या शेजारणीला कदाचित अठ्ठावीस लागले असते.

वयाचा यात मोठा वाटा आहे. डायझेपामचं अर्धायुष्य विशीतल्या माणसात सुमारे वीस तास आणि ऐंशीच्या घरात सुमारे नव्वद तास असल्याचं १९७५ सालीच एका अभ्यासात दिसलं होतं. म्हणजे म्हाताऱ्या माणसात तीच गोळी कितीतरी जास्त साठते. म्हणून सत्तरीच्या रुग्णात डॉक्टर तक्त्याच्या खालच्या कडेने सुरुवात करतात, किंवा डायझेपामच्या वाटेला जातच नाहीत. यकृत खराब असलेल्यांतही तेच. लोराझेपाम आणि ऑक्झाझेपाम यांचा निचरा यकृताच्या सोप्या मार्गाने होतो, डायझेपामला तिथे लांबची वाट चालावी लागते. अशा रुग्णाला लोराझेपामवरून डायझेपामवर आणणं म्हणजे सुरक्षित औषध काढून धोक्याचं देणं. सोबत ट्रामाडॉलसारखी अफूच्या वर्गातली वेदनाशामकं किंवा दारू असेल, तर श्वास मंदावण्याची भीती असते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास सुटते, ती म्हणजे ॲसिडिटीची गोळी. डायझेपाम तोडणाऱ्या यकृतातल्या मुख्य विकरांपैकी एकाला ओमेप्राझोल अडवतं. मेडिकलमधून कुणीही आणतो आणि सकाळी उपाशीपोटी घेतो, तेच ओमेप्राझोल. ते रोज चालू असेल तर डायझेपामची पातळी कागदावरच्या हिशेबापेक्षा वर जाते. शिवाय काही माणसांत हे विकर जन्मतःच मंद असतं आणि असे लोक युरोपीयांपेक्षा आशियाई लोकांत जास्त सापडतात. न्यूकॅसलच्या रुग्णांवर बसवलेला आकडा नागपूरच्या माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, याचं हेही एक कारण.

बदल पार पडला की काकूंना दोन आठवडे विसावा, आणि मग खरी उतरण. ब्रिटिश औषधकोश दर दोन ते चार आठवड्यांनी १ ते २ मिलिग्रॅम डायझेपाम कमी करायला सांगतो आणि शेवटी अर्ध्या-अर्ध्या मिलिग्रॅमच्या पायऱ्या. २०२५ साली अमेरिकेतल्या अनेक वैद्यकीय संघटनांनी मिळून काढलेली मार्गदर्शक सूचनाही जवळपास तिथेच येते: दर दोन ते चार आठवड्यांनी सुरुवातीला ५ ते १० टक्के घट, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त कधीच नाही. काकूंसाठी २० ते १० या उतरणीला दोन-दोनच्या पाच पायऱ्या, १० ते ५ ला एकेकच्या पाच, आणि ५ पासून शून्यापर्यंत अर्ध्या-अर्ध्याच्या दहा. एकूण वीस. सगळ्या पायऱ्या दोन आठवड्यांच्या धरल्या तरी चाळीस आठवडे झाले, आणि सगळ्या काही दोन आठवड्यांत पार पडत नाहीत. एखाद्या पायरीवर त्रास झाला तर तिथेच थांबायचं, आणि त्रास निवला की पुढे.

डायझेपामवर आल्याने एक फसगतही होते. अल्प्राझोलाम कमी केलं की त्रास एक-दोन दिवसांत कळतो. डायझेपाम कमी केल्याचा परिणाम कधीकधी आठवडाभराने दिसतो. तीन दिवस बरे गेले म्हणून पुढची पायरीही लगेच उतरणारा माणूस दोन पायऱ्यांचा त्रास एकदम भोगतो.

हे सगळं वाचून डायझेपामवर बदल करणं हाच एक मार्ग आहे असं वाटेल, तर तसं नाही. कोक्रेन या संस्थेने २००६ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा हळूहळू उतरवण्याला आधार सापडला, पण त्याआधी लांब टिकणाऱ्या औषधावर आणण्याच्या पद्धतीला फारसा नाही. अमेरिकी सूचनाही हा पर्याय म्हणूनच मांडते. क्लोनाझेपाम मुळातच दिवसभराहून जास्त टिकतं, त्यामुळे ते घेणाऱ्यांना आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर त्याच गोळीवर उतरवतात, आणि ते योग्यही आहे. अल्प्राझोलामचा डोस लहान असेल, दिवसातून एकदाच असेल, रुग्ण वयस्क असेल, तर बदलाची खटपट फायद्यापेक्षा जड होते. तिचा उपयोग खरा होतो तो काकूंसारख्यांना, ज्यांना दोन गोळ्यांच्या मधली ओहोटी छळते आणि ज्यांच्या गोळीचे आणखी बारीक तुकडे होत नाहीत.

अल्प्राझोलाम आणि डायझेपाम दोन्ही भारतात एच-१ या अनुसूचीत आहेत. मेडिकलवाल्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत आणि दिल्याची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये तीन वर्षं जपून ठेवायची, असा नियम आहे. तो किती पाळला जातो, हे ज्याने त्याने आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात पाहावं.

तेव्हा कुणाच्या घरी अशी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर या लेखातले आकडे घेऊन स्वतः गणित मांडू नका आणि गोळी आजपासून बंदही करू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, पोटाच्या आणि ॲसिडिटीच्यासुद्धा, पिशवीत घालून न्या, आणि दिवसाला खरोखर किती घेता ते न लाजता सांगा.